शेजाऱ्यावरून सीमा ठरत नाही

हाताशी कॅल्क्युलेटर असेल तर १ पासून ओळीने वर्गमुळे काढत जा. १ चे वर्गमूळ १, २ चे १.४१४२, ३ चे १.७३२१, ४ चे २. शेजारशेजारच्या उत्तरांतला फरक पाहिला तर आधी ०.४१४२, मग ०.३१७८, मग ०.२६७९. फरक घटतो आहे. आता मधले सगळे सोडून १०० वर या. १०० चे वर्गमूळ १० आणि १०१ चे १०.०४९९, म्हणजे फरक ०.०५ च्याही किंचित खाली आला. दहा हजारांपाशी तो ०.००५ होतो, दहा लाखांपाशी ०.०००५. असेच पुढे गेले की फरक हवा तेवढा लहान करता येतो. तुम्ही कितीही बारीक मर्यादा सांगा, एका ठिकाणानंतर सगळे फरक तिच्या आत येतात. गणिताच्या भाषेत, हे फरक शून्याकडे जातात.

मग ही वर्गमुळे स्वतः कुठल्या तरी एका संख्येपाशी जाऊन स्थिरावत असतील ना? पुढचे पद मागच्या पदापेक्षा जवळजवळ वेगळेच नसेल, तर क्रमिका थांबल्यासारखीच झाली. बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला रिअल ॲनालिसिस शिकताना बहुतेकांच्या मनात हा विचार येतो, आणि उत्तरपत्रिकेत 'शेजारच्या पदांतला फरक शून्याकडे जातो, म्हणून क्रमिका अभिसारी आहे' असे वाक्य उतरते. वाक्य चूक आहे. ते चूक ठरवायला मोठे प्रमेयही लागत नाही. वर्गमुळांच्या यादीत १० आहे, कारण १०० आहे. १,००० आहे, कारण दहा लाख आहे. दहा लाख आहे, कारण एकावर बारा शून्ये असलेली संख्या आहे. तुम्ही सांगाल ती संख्या ही यादी ओलांडून जाते. ती कुठेच थांबत नाही.

उदाहरण इथेच संपवता येईल, पण मग ते नुसते पाठ होईल, पटणार नाही. पाऊल इतके लहान होऊनही माणूस एवढा लांब पोचतो कसा, हे पाहायला हवे. त्यासाठी फरकाचे नेमके मोजमाप काढू. √(n+1) − √n या वजाबाकीला √(n+1) + √n ने गुणले आणि भागले, की वर (n+1) − n म्हणजे फक्त १ उरतो. म्हणून

√(n+1) − √n = 1 / (√(n+1) + √n)

छेदात दोन जवळजवळ सारखी वर्गमुळे आहेत, तेव्हा फरक साधारण 1/(2√n) एवढा. छेद वाढत जातो, म्हणून फरक शून्याकडे जातो. इथवर विद्यार्थ्याचे बरोबर आहे.

आता १०० पासून १०१ पर्यंतचा प्रवास मोजा. वर्गमूळ १०० होते ते १०,००० या संख्येपाशी, आणि १०१ होते ते १०,२०१ पाशी. म्हणजे एवढे एक एकक अंतर कापायला २०१ पावले लागली. प्रत्येक पाऊल सरासरी एकाच्या दोनशे एकाव्या हिश्श्याएवढे. २०१ पावले, प्रत्येकी १/२०१, बेरीज बरोबर १. हजारापासून एक हजार एकपर्यंत जायला २,००१ पावले लागतात आणि प्रत्येक पाऊल सरासरी १/२००१ चे असते. बेरीज पुन्हा १. कुठल्याही पूर्ण संख्येपासून पुढच्या पूर्ण संख्येपर्यंत हेच घडते: पाऊल जेवढ्या पटीने आखडते तेवढ्याच पटीने पावलांची संख्या वाढते, आणि दोन्हींचा हिशेब चोख जुळतो. दरवर्षी पगारवाढ थोडी थोडी कमी होत गेली, म्हणून पगार एखाद्या आकड्यावर अडेलच असे नाही; नोकरी संपतच नसेल तर तो कितीही वर जाऊ शकतो. गणितातल्या क्रमिकेची नोकरी कधीच संपत नाही.

म्हणजे गोची कुठे आहे ते दिसले. शेजारच्या दोन पदांतला फरक हा एका पावलाचा हिशेब आहे. सीमा अस्तित्वात आहे की नाही, हा प्रश्न मात्र उरलेल्या सगळ्या प्रवासाचा आहे.

हे नेमक्या शब्दांत मांडले फ्रेंच गणिती ओगुस्तँ-लुई कोशी याने. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये तो शिकवत असे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठी १८२१ साली त्याने विश्लेषणावरचे पाठ्यपुस्तक छापले. अनंत पदांची बेरीज कधी धरायची, याबद्दल त्या काळात बरीच मोकळीक होती. मोठमोठे गणिती बेरजा सर्रास करत आणि उत्तर बरोबर निघाले की पुढे जात. कोशीने त्या पुस्तकात अट घातली. बेरीज अर्थपूर्ण असायची तर पदे शून्याकडे गेली पाहिजेत, हे आवश्यक आहे, पण तेवढे पुरेसे नाही. n व्या पदापासून पुढची कितीही पदे घ्या, एक घ्या, दोन घ्या, दहा लाख घ्या, त्या प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज नगण्य व्हायला हवी. प्रागच्या बोलझानोने हीच कसोटी चार वर्षे आधी, १८१७ मध्ये मांडली होती, पण त्याचे लिखाण फारसे कुणाच्या हाती पडले नाही, आणि नाव कोशीचे राहिले.

आज वर्गात कोशी क्रमिकेची व्याख्या अशी सांगतात: कितीही लहान ε द्या, एक स्थान N असे सापडते की N च्या पुढची कुठलीही दोन पदे एकमेकांपासून ε पेक्षा जवळ असतात. इथे सगळे वजन 'कुठलीही दोन' या शब्दांवर आहे. शेजारची दोन नव्हेत. एक पद N च्या लगेच पुढचे आणि दुसरे त्याच्या कोट्यवधी स्थाने पुढचे असले तरी चालले पाहिजे. वर्गमुळांना ही परीक्षा द्यायला लावा. ε म्हणून १ घ्या. N कितीही मोठा घेतला तरी मी n च्या जागी N च्या पुढची एक संख्या घेईन आणि जोडीला तिची चौपट. √(4n) म्हणजे 2√n, तेव्हा दोघांतला फरक √n. तो १ पेक्षा लहान तर नाहीच, उलट n वाढेल तसा वाढतो. क्रमिका पहिल्याच प्रश्नाला नापास.

कोशीने त्या पुस्तकात वर्गमुळांऐवजी दुसरे उदाहरण दिले आहे, आणि ते जास्त चकवणारे आहे: 1 + 1/2 + 1/3 + 1/4 + … ही हरात्मक श्रेणी. इथे बेरजांची क्रमिका पाहायची. प्रत्येक नव्या पावलाला बेरीज 1/n ने पुढे सरकते, म्हणजे फरक 1/n. वर्गमुळांच्या फरकापेक्षा हा खूपच वेगाने घटतो: दहा लाखाव्या पावलाला वर्गमूळ ०.०००५ ने सरकते, तर ही बेरीज ०.०००००१ ने. आणि तरीही ती थांबत नाही. n च्या पुढची n पदे एकत्र घ्या, 1/(n+1) पासून 1/(2n) पर्यंत. त्यांतले सर्वांत लहान 1/(2n), आणि अशी n पदे, तेव्हा गठ्ठ्याची बेरीज निदान १/२. n कुठेही घ्या, पुढचा तेवढाच लांबीचा गठ्ठा अर्धा तरी देतोच. अर्धे असंख्य वेळा मिळत गेले की बेरीज हवी तेवढी मोठी होते. हा युक्तिवाद मुळात चौदाव्या शतकातल्या निकोल ओरेम या फ्रेंच विद्वानाचा, म्हणजे कोशीच्या साडेचारशे वर्षांहून आधीचा.

फक्त ही वाढ दिसत नाही. हजार पदांची बेरीज ७.४८५ होते, दहा लाख पदांची १४.३९३, शंभर कोटी पदांची २१.३००. पदे हजारपट केली की बेरीज जेमतेम ६.९ ने सरकते. नुसते आकडे पाहून ही बेरीज अपसारी आहे असे कुणीच म्हणणार नाही. कागदावर सिद्ध केल्याशिवाय हे कळायला दुसरा मार्ग नाही.

इथून पुढचा प्रश्न साहजिक आहे. 1/√n इतका फरक पुरत नाही, 1/n इतकाही पुरत नाही. मग किती वेगाने फरक घटला म्हणजे नक्की पुरे? 1/n² पुरतो, त्या पदांची बेरीज १.६४४९ च्या आसपास थांबते. तेव्हा 1/n आणि 1/n² यांच्या मध्ये कुठेतरी सीमारेषा असणार, आणि ती सापडली की सगळ्या श्रेणींचा निकाल एका झटक्यात लागेल, असे वाटणे स्वाभाविक होते. १८२७ साली लुई ऑलिव्हिए याने बर्लिनच्या क्रेले यांच्या गणित-नियतकालिकात नेमकी अशी रेषा जाहीर केली. पद 1/n च्या तुलनेत नगण्य होत असेल, म्हणजे n ने गुणल्यावरही ते शून्याकडे जात असेल, तर श्रेणी अभिसारी, नाहीतर अपसारी. नियम दिसायला सुंदर होता.

पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात नील्स हेन्रिक आबेल या नॉर्वेजियन तरुणाचे उत्तर छापून आले. आबेलने 1/(n log n) ही पदे घेतली. n ने गुणल्यावर 1/log n उरते आणि ते शून्याकडे जाते, तेव्हा ऑलिव्हिएच्या नियमाने ही श्रेणी थांबायला हवी. ती थांबत नाही. तिची बेरीज साधारण log log n च्या वेगाने वाढते. हा वेग किती संथ आहे त्याची कल्पना यावी म्हणून सांगतो: एकावर शंभर शून्ये असलेली संख्या घ्या, तिचा नैसर्गिक लॉगरिदम सुमारे २३०, आणि त्या २३० चा लॉगरिदम ५.४४. विश्वातल्या अणूंहून कितीतरी जास्त पदे मिळवूनही हाती एवढेच. तरीही ही बेरीज १० ओलांडते, १०० ओलांडते, कुठलीही संख्या ओलांडते.

आबेल एवढ्यावर थांबला नाही, आणि मला या सगळ्या विषयात सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. त्याने दाखवले की ऑलिव्हिएची रेषा चुकीच्या जागी ओढली गेली होती असे नव्हे. मुळात अशी रेषाच नाही. समजा कुणी असा एक वेग ठरवला की पदे त्या वेगाच्या तुलनेत नगण्य झाली तर श्रेणी थांबते, आणि नगण्य झाली नाहीत तर थांबत नाही. बरोबर त्या वेगाने घटणारी श्रेणी त्याच नियमानुसार अपसारी असली पाहिजे, कारण स्वतःच्या तुलनेत कुणीही नगण्य नसते. आता त्या श्रेणीच्या प्रत्येक पदाला तोवर जमलेल्या बेरजेने भागा. बेरीज वाढतच चालली आहे, तेव्हा नवी पदे जुन्यांच्या तुलनेत नगण्य होत जातात, आणि नियम म्हणतो की नवी श्रेणी थांबणार. पण आबेलने सिद्ध केले की अशी भागून केलेली नवी श्रेणीही अपसारीच राहते. नियम आपल्याच उदाहरणावर फसतो. 1/n पासून 1/(n log n) निघते ते याच युक्तीने, कारण 1/n ची बेरीज साधारण log n असते. आणि 1/(n log n) पासून त्याहून संथ श्रेणी पुन्हा तशीच काढता येते. संथपणाच्या या उतरंडीला तळ नाही. १८२९ साली आबेल वारला तेव्हा तो २६ वर्षांचा होता.

एवढी सूक्ष्म चर्चा एकोणिसाव्या शतकातच सोडून द्यावी असे कुणाला वाटेल, पण हीच चूक आज संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये रोज होते. एखादे उत्तर टप्प्याटप्प्याने सुधारत नेणाऱ्या प्रोग्रॅमला कुठे थांबायचे ते सांगावे लागते, आणि सर्वांत सोपी सूचना म्हणजे 'नवे उत्तर जुन्यापेक्षा अगदी थोडेच वेगळे असेल तर थांब'. ही सूचना आपल्या वर्गमुळांवर चालवून पाहा.

```python
from math import sqrt
n = 1
while sqrt(n + 1) - sqrt(n) >= 0.001:
    n += 1
print(n, sqrt(n))
```

प्रोग्रॅम थांबतो आणि `250000 500.0` असे छापतो. कुठलीही तक्रार नाही, चुकीचा संदेश नाही. अनोळखी माणसाने पाहिले तर सीमा ५०० आहे असेच तो समजेल. आता 0.001 च्या जागी 0.01 लिहा: उत्तर ५० येते. 0.0001 लिहा: उत्तर ५,००० च्या आसपास. अचूकता दहापट मागितली की उत्तर दहापट होते. कारण वर काढलेल्या सूत्रातच आहे. फरक 1/(2√n) च्या आसपास असतो, तेव्हा फरक ठरलेल्या मर्यादेखाली येतो त्या क्षणी √n हा त्या मर्यादेच्या व्यस्ताच्या निम्मा असतो. प्रोग्रॅमने क्रमिकेबद्दल काहीच सांगितले नाही, आपणच दिलेली मर्यादा उलटी करून परत दिली.

हा प्रयोग ओळखीची खूण म्हणून चांगला आहे. थांबण्याची मर्यादा दहापट किंवा हजारपट कडक करून पाहायची. खरोखर सीमा असेल आणि क्रमिका तिच्याकडे झपाट्याने जात असेल, तर उत्तराचे मागचे आकडे फक्त नीट होतात, पुढचे हलत नाहीत. २ चे वर्गमूळ न्यूटनच्या पद्धतीने काढताना १ पासून सुरुवात केली तर उत्तरे येतात १.५, १.४१६६७, १.४१४२१६. तिसऱ्या पायरीलाच पाच आकडे पक्के झालेले असतात. हरात्मक श्रेणीवर मात्र ही खूणही डोळ्यात भरत नाही. मर्यादा हजारपट कडक केली तर उत्तर ७.४८५ वरून १४.३९३ होते, हे दिसते. पण कुणी ती फक्त दुप्पट कडक केली, तर उत्तर ०.६९ ने हलेल आणि घाईतला माणूस ते थोडी अचूकता कमी पडली म्हणून सोडून देईल.

त्यात संगणक आणखी एक खोड करतो. एकेरी अचूकतेच्या संख्यांमध्ये सुमारे सात आकडेच टिकतात. हरात्मक श्रेणी अशा संख्यांनी मिळवत गेलात तर साधारण २१ लाख पदांनंतर बेरीज १५.४ च्या आसपास गोठते. पुढचे पद इतके लहान असते की ते मिळवूनही साठवलेली बेरीज बदलत नाही. त्यानंतर फरक लहान नव्हे, अगदी शून्य येतो, आणि 'थांबली' याचा ढळढळीत पुरावा समोर दिसतो. श्रेणी अपसारीच आहे. थांबली आहे ती यंत्राची साठवणूक.

मग शेजारच्या फरकावरून काहीच कळत नाही का? कळते, पण त्या फरकाबद्दल आणखी काही ठाऊक असेल तर. समजा प्रत्येक पाऊल मागच्या पावलाच्या निम्मे किंवा त्याहून लहान आहे, हे सिद्ध झालेले आहे. मग यापुढची सगळी पावले मिळून शेवटच्या पावलाएवढ्या अंतरात मावतात, आणि तिथे 'फरक लहान, थांबा' ही सूचना रास्त आहे. प्रमाण निम्म्याऐवजी ०.९९ असेल तरी क्रमिका थांबतेच, पण उरलेले अंतर शेवटच्या पावलाच्या ९९ पट असू शकते. तुम्ही ०.००१ वर थांबलात आणि उत्तर खऱ्या सीमेपासून ०.०९९ दूर असू शकते. संख्यात्मक पद्धती वापरणाऱ्यांची फसगत बहुधा या ०.९९ सारख्या प्रमाणापाशीच होते, कारण तिथे सीमा असते, फक्त ती अजून दूर असते. वर्गमुळांत हे प्रमाण १ कडे जाते, म्हणून ही जामीनकीच मिळत नाही.

आतापर्यंतची सगळी उदाहरणे अनंताकडे पळणारी होती. त्यावरून कुणाला वाटेल की क्रमिकेला दोन भिंतींमध्ये कोंडले म्हणजे प्रश्न सुटला. तेही खरे नाही. वर्गमुळांचे साइन घ्या: sin √n. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवायला विसरू नका. साइन कधीच −१ आणि १ यांच्या बाहेर जात नाही, आणि दोन कोनांच्या साइनमधला फरक त्या कोनांमधल्या फरकापेक्षा मोठा नसतो, तेव्हा इथेही शेजारचे फरक शून्याकडे जातात. तरी n = ६२ ला उत्तर जवळजवळ १ येते, १२१ ला −१ च्या अगदी जवळ, २०० ला पुन्हा १ च्या जवळ, २९९ ला पुन्हा −१ पाशी. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत जायला दर खेपेला जास्त पावले लागतात, पण खेपा संपत नाहीत.

यातून एक छान गोष्ट निघते. शेवटी शेवटी पावले इतकी लहान असतात की मधली कुठलीही संख्या उडी मारून ओलांडता येत नाही. −१ पासून १ कडे जाताना ०.३ च्या अगदी जवळून जावेच लागते, परत येतानाही, आणि असे असंख्य वेळा. म्हणून कोंडलेल्या क्रमिकेचे शेजारचे फरक शून्याकडे जात असतील, तर दोनच शक्यता: ती एका बिंदूशी स्थिरावते, किंवा एका संपूर्ण अंतरालातल्या प्रत्येक संख्येपाशी पुन्हा पुन्हा येत राहते. दोनच सुट्या ठिकाणांमध्ये तिला घुटमळता येत नाही. याचा व्यवहारात उपयोग होतो. एखाद्या समीकरणाची शक्य उत्तरे मोजकी आणि एकमेकांपासून सुटी आहेत, क्रमिका कोंडलेली आहे आणि ती अशाच उत्तरांपाशी रेंगाळू शकते, एवढे आधी सिद्ध केले, तर अंतराल भरण्याची शक्यता बाद होते, आणि शेजारचा फरक शून्याकडे जाणे खरोखरच पुरेसे ठरते.

आणि एक जग असेही आहे जिथे विद्यार्थ्याचे ते चुकीचे वाक्य सरळ बरोबर असते. १८९७ साली कुर्ट हेन्झेल या जर्मन गणितीने संख्यांमधले अंतर मोजण्याची वेगळी रीत आणली. एक मूळ संख्या निवडायची, समजा ५. दोन संख्यांच्या फरकाला ५ ने जितक्या जास्त वेळा भाग जाईल, तितक्या त्या जवळच्या. १ आणि ६२६ यांत ६२५ चा फरक, त्याला ५ ने चार वेळा भाग जातो, म्हणून या रीतीने त्यांचे अंतर फक्त १/६२५. या जगात लहान पाऊल म्हणजे ६२५ च्या पटीतले पाऊल, आणि ६२५ च्या पटीतल्या कितीही संख्या मिळवल्या तरी बेरीज ६२५ च्याच पटीत राहते. लहान पावले कितीही टाकली तरी ती साठून मोठे अंतर होतच नाही. १०० पासून १०१ पर्यंतच्या २०१ पावलांनी जो डाव साधला, तो इथे साधत नाही. त्यामुळे p-ॲडिक संख्यांत शेजारचे फरक शून्याकडे गेले की क्रमिका अभिसारी असतेच. दुसरी कुठलीही अट लागत नाही.

तिथले एक उदाहरण करून पाहण्यासारखे आहे. 1·1! + 2·2! + 3·3! + 4·4! + 5·5! + … अशी बेरीज घ्या. क्रमाने उत्तरे येतात १, ५, २३, ११९, ७१९. प्रत्येक उत्तर पुढच्या क्रमगुणितापेक्षा एकने कमी आहे: २, ६, २४, १२०, ७२०. क्रमगुणित जसजसे वाढते तसतसा त्याला ५ ने अधिकाधिक वेळा भाग जातो. १० च्या क्रमगुणिताला दोनदा, २५ च्या क्रमगुणिताला सहा वेळा. म्हणजे हेन्झेलच्या मोजणीत ते शून्याकडे जाते. ५ च्या जागी कुठलीही मूळ संख्या घेतली तरी हेच होते. आपल्या नेहमीच्या मोजपट्टीवर बेभान वाढणारी ही बेरीज तिथे एका संख्येपाशी स्थिरावते, आणि ती संख्या आहे −१.